सकाळचा मेसेज: फुलांच्या फोटोऐवजी दोन ओळी स्वतःच्या

आमच्या कॉलेजच्या सहा जणांच्या ग्रुपचं नाव ‘उधारी’ आहे. कँटीनच्या वहीत आमच्या नावावर १४० रुपये शेवटपर्यंत राहिले, ते कुणी भरायचे यावरून अजून भांडणं होतात. अशा ग्रुपवर मी जवळपास वर्षभर रोज सकाळी गुलाबाचे फोटो पाठवत होते. दवबिंदू, उगवता सूर्य, खाली सुविचार. एके दिवशी पक्याने त्या गुलाबाखाली लिहिलं, “धन्यवाद. आपण कोण?”

हसले, पण लागलं. खरंच, त्या फोटोत मी कुठेच नव्हते. तोच फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता आणि आत्याच्या भजनी मंडळातही तो फिरत होता. त्यानंतर मी फोटो बंद केले आणि दोन ओळी स्वतःच्या लिहायला लागले. सुरुवातीला त्याही फसल्या. कशा फसल्या आणि मग काय जमलं, ते नव्याने लिहू पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने सांगते. मित्रमंडळींची नावं अर्थातच बदलली आहेत.

आधी एक अडचण समजून घ्या

बोलताना आपण मराठी माणसं एकमेकांना ‘सुप्रभात’ म्हणत नाही. आठवून बघा, सकाळी जिन्यात शेजारी भेटले तर काय म्हणतात? “काय, फिरायला का?” दूधवाला म्हणतो, “आज लवकर उठलात ताई.” घरात विचारतात, “चहा झाला का?” गावाकडे “राम राम” असतं, तेही बहुतेकदा “काय म्हणतंय पाणीपाऊस” याला जोडून. म्हणजे आपलं सकाळचं अभिवादन मुळात एक प्रश्न असतो किंवा समोर दिसतंय ते बोलून दाखवणं असतं. चालायला निघालेल्या माणसाला “चालायला निघालात का” असं विचारण्यात माहिती शून्य असते, तरी ते न विचारता पुढे गेलं तर चुकल्यासारखं होतं.

‘सुप्रभात’, ‘शुभ प्रभात’, ‘शुभ सकाळ’ हे शब्द छापील आहेत. आकाशवाणीवर, फलकावर, शुभेच्छापत्रावर ते शोभतात. जिवलगांच्या ग्रुपवर ते आले की कुणीतरी समारंभाचं सूत्रसंचालन सुरू केल्यासारखं वाटतं. म्हणून मेसेज लिहिताना नमुना म्हणून शुभेच्छापत्र डोळ्यांपुढे आणू नका, जिना आणि ओटा आणा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी पहिली: लिहिण्याआधी कालची रात्र वाचा

ग्रुप उघडल्यावर लगेच टाइप करू नका. आपण झोपल्यावर काय झालं ते वर सरकवून बघा. हे मी एका चुकीतून शिकले. रात्री साडेबाराला आमच्या दिल्याने लिहिलं होतं की आईला दवाखान्यात दाखल केलंय. मी सहा वाजता न वाचताच लिहिलं, “उठा रे आळशांनो, सूर्य डोक्यावर आला!” तो माणूस रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला होता. त्याने काही म्हटलं नाही. मला मात्र ते वाक्य अजून दिसतं.

अशा दिवशी सकाळचा मेसेज वेगळा असतो, आणि तो लहानच असू द्यावा. “दिल्या, काकूंची रात्र कशी गेली? डबा कुणी देतंय का तुला?” एवढं पुरतं. त्यावर फूल नको, देवाचा फोटो नको, ‘सगळं ठीक होईल’ही नको, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. डब्याचा प्रश्न मात्र खरा असतो आणि त्याला उत्तर असतं.

रात्रीचं वाचण्याचा दुसरा फायदा असा की धागा आयता मिळतो. काल सुन्याने लोकलमध्ये छत्री विसरल्याचं रडगाणं गायलं असेल, तर आज पहिली ओळ तयारच आहे: “सुन्या, आज निघताना हातात काय काय आहे ते मोजून घे.”

पायरी दुसरी: आज सकाळचीच एक गोष्ट पकडा

मेसेज परका वाटतो तो त्यातले शब्द गुळगुळीत असतात म्हणून, आणि शब्द गुळगुळीत होतात कारण लिहिणाऱ्याने काही पाहिलेलं नसतं. त्यामुळे फोन हातात घेण्याआधी एक गोष्ट हेरायची. मोठी, सुंदर असायची गरज नाही. घंटागाडीचं गाणं आज पंधरा मिनिटं आधी वाजलं. दुधाची पिशवी फुटलेली निघाली. गॅस सिलिंडर नेमका आधण ठेवल्यावर संपला. समोरच्या गच्चीवरच्या आजोबांनी डिसेंबर लागल्याबरोबर माकडटोपी बाहेर काढली. बहावा पिवळा झालाय, म्हणजे उन्हाळा चढला.

अशी गोष्ट निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे काल लिहिता आलं असतं का? ‘आजची सकाळ किती प्रसन्न आहे’ हे वर्षातल्या कुठल्याही दिवशी लिहिता येतं. ‘पहिल्या पावसाने आमच्या पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटरांच्या सीटा भिजवल्या आणि माझ्याकडे फडकं नाही’ हे आजच लिहिता येतं, आणि मीच लिहू शकते.

एक मर्यादा सांगून ठेवते. पाहिलेलं सांगताना त्याच्या मागे भावना चिकटवायची सवय आपल्याला शाळेतल्या निबंधांनी लावली आहे. “फुलं पाहून मन प्रसन्न झालं”, “पाऊस पाहून बालपण आठवलं”. ही शेपटी कापा. फूल नीट दाखवलं तर मन प्रसन्न झाल्याचं मित्रांना कळतं, आणि नसेल कळत तर ते सांगूनही कळणार नाही.

पायरी तिसरी: हाक

“मित्रांनो” हा शब्द भाषणातला आहे. “प्रिय मित्र-मैत्रिणींनो” तर स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतला. तुमच्या ग्रुपमध्ये प्रत्यक्ष भेटल्यावर कशी हाक पडते ते लिहा. आमच्यात “मंडळी” चालतं, पण त्यात थोडी थट्टा असते. “लेको” फक्त दिल्या म्हणू शकतो. नागपूरकडचे मित्र असतील तर “काय करून राहिले बे” यात जी जवळीक आहे ती कुठल्याही शुभेच्छेत नाही. कोल्हापूरचा “काय भावा”ही तसाच. मात्र जी बोली आपली नाही ती मजा म्हणून रोज वापरू नये. मी पुण्यात बसून “बे” लिहिलं की दुसऱ्याच्या अंगातला सदरा घातल्यासारखं दिसतं.

आता थोडं व्याकरण, कारण इथे नवी माणसं अडखळतात. सगळ्यांना मिळून लिहिताना “उठलात का रे?” असं अनेकवचन येतं. ते आदरार्थी नसतं, त्यामुळे संकोच करू नका. मागचा ‘रे’ ते लगेच घरचं करतो. मुलामुलींचा मिळून ग्रुप असेल तर नुसत्या ‘रे’वर मुलींची हरकत असू शकते. आमच्याकडे मंदाची होती. त्यावर तोडगा म्हणजे ‘रे’ काढून टाकायचा किंवा नाव घ्यायचं. एकाला उद्देशून लिहिलं की मात्र “उठलास का”, “उठलीस का” असं एकवचनच. जिवलग मित्राला ग्रुपवर “आपण उठलात का” लिहिलं तर तो विचार करेल, याचं माझ्याकडे काय काम आहे.

या ‘आपण’ची गंमत बघा. “आपला दिवस आनंदात जावो” यातला ‘आपला’ समोरच्याला दोन पावलं मागे ढकलतो. “आपला तो कोपऱ्यातला टपरीवाला आज दिसला” यातला ‘आपला’ सगळ्यांना एका बाकावर बसवतो. शब्द एकच. सकाळच्या मेसेजमध्ये दुसऱ्या प्रकारचा ‘आपला’ जेवढा येईल तेवढा चांगला, पहिला शक्यतो नको.

पायरी चौथी: वाक्य तोंडाने बोलून मग लिहा

टाइप करायला लागलं की हात आपोआप पुस्तकी होतो. “झाले का?” लिहिलं जातं, तोंडात मात्र “झालं का?” असतं. “मी बसले आहे” लिहितो, बोलतो “बसलेय”. अनुस्वाराचा तो एक टिंब आणि ‘आहे’चा आखूड झालेला तुकडा, यातच आवाज असतो. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो तेव्हा अनेकदा पुस्तकी शब्द पुढे करतो, तो न बघता स्वीकारू नका. सोपा उपाय म्हणजे कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून मराठीत वाक्य बोलायचं आणि मग चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या. बोलून लिहिलेलं वाक्य आपोआप आखूड होतं, कारण सकाळी सहाला कुणाच्याही तोंडून “उत्साहवर्धक” निघत नाही.

‘जावो’, ‘लाभो’, ‘होवो’, ‘नांदो’ ही रूपंही तपासा. बोलण्यात ती आशीर्वादात किंवा प्रार्थनेत येतात, म्हणजे मोठ्यांनी लहानांना आणि भक्ताने देवाला. बरोबरीचा मित्र दुसऱ्याला ‘यश लाभो’ म्हणत नाही, तो म्हणतो, “जा, फाडून ये पेपर.” किंवा “शर्टाला इस्त्री केलीस ना?” मैत्रीतली शुभेच्छा बहुतेकदा सूचनेच्या किंवा काळजीच्या वेषात येते. जपून जा. डबा घेतलास का. रेनकोट विसरू नकोस. पोचलास की टाक. यापेक्षा उबदार सुप्रभात मला तरी माहीत नाही.

उद्गारचिन्हं एक किंवा शून्य. हात जोडलेली चित्रं, फुलं, सूर्य यांची रांग लावली की डोळा मजकुरावर न थांबता पुढे सरकतो, कारण फॉरवर्ड मेसेजही असाच सजलेला असतो.

पायरी पाचवी: उत्तर द्यायला जागा ठेवा

कपाला कान असतो तसा मेसेजला एक कान हवा, जिथे धरून दुसऱ्याला उचलता येईल. ‘सर्वांचा दिवस चांगला जावो’ याला उत्तर काय देणार? ‘तुझाही.’ संपलं. पाच जणांनी ‘तुझाही’ लिहिलं की पाच वेळा फोन वाजतो आणि कुणी कुणाशी बोललेलं नसतं.

कान म्हणजे एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न, किंवा भांडण उकरून काढणारं एखादं विधान. “साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा हवाच, यावर आज चर्चा नको.” यावर आमच्याकडे दुपारपर्यंत चर्चा चालते. पण प्रश्न मोठाही नको. “आयुष्यात पुढे काय करायचं ठरवलंय?” हे सकाळी पावणेसातला कुणी विचारू नये. रोज प्रश्नच असला पाहिजे असंही नाही, नाहीतर मित्रांना हजेरी दिल्यासारखं वाटतं. आठवड्यातून दोनदा नुसतं सांगून सोडून द्यावं.

एक मेसेज चार वेळा लिहून बघू

सप्टेंबरातली सकाळ. आमच्या इमारतीच्या दारात पारिजातकाचं झाड आहे, पावसाळा सरत आला की पहाटे खाली सडा पडतो. मी पहिल्यांदा लिहिलं ते असं:

“शुभ सकाळ मित्रांनो! आपला दिवस पारिजातकाच्या सुगंधासारखा दरवळत राहो!”

हे कुणीही कुणालाही पाठवू शकतं. फुलाचं नाव खरं आहे, पण ते उपमेत अडकलंय, दारात पडलेलं दिसत नाही. ‘मित्रांनो’, ‘आपला’ आणि ‘राहो’ तिन्ही एकत्र जमलेत. पुसलं. दुसऱ्यांदा:

“आज सकाळी दारात पारिजातकाची फुले पडलेली पाहिली आणि मन प्रसन्न झाले. निसर्ग किती सुंदर आहे ना!”

आता फुलं निदान दारात आली. पण ‘फुले’ आणि ‘झाले’ निबंधातले आहेत. ‘मन प्रसन्न’ ही शेपटी, आणि शेवटचा उद्गार चौथीच्या वहीतला. ‘ना’ला उत्तर म्हणून फक्त ‘हो’ येईल. तिसरा प्रयत्न:

“दारात पारिजातकाचा सडा पडलाय. झाडू हातात घेऊन दहा मिनिटं नुसती उभी आहे.”

हे मी आहे. ‘प्रसन्न’ शब्द गेला आणि उभं राहण्यात ती प्रसन्नता आली. हा असाच पाठवला असता तरी चाललं असतं. पण ग्रुप अजून यात नाही, हे मी डायरीतही लिहू शकते. मग आठवलं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे मंदाच्या घरी रत्नागिरीला गेलो होतो, तिच्या परसात हे झाड होतं आणि पक्या त्याखाली खाट टाकून झोपला होता. सकाळी उठला तेव्हा अंगावर फुलंच फुलं. मंदाच्या आजीने त्याला देव म्हणून हात जोडले होते. चौथा:

“दारात पारिजातकाचा सडा पडलाय, झाडू घेऊन नुसती उभी आहे. मंदे, तुमच्याकडचं झाड अजून आहे का? देव नाशिकला गेले, आता खाली कोण झोपतं?”

एकवीस-बावीस शब्द. आज सकाळचं एक दृश्य, सगळ्यांना माहीत असलेली एक आठवण, एका मैत्रिणीला सरळ प्रश्न आणि एकाला चिमटा. आठवण पूर्ण सांगितलेली नाही, हे मुद्दाम. ‘देव नाशिकला गेले’ एवढ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळतं, आणि ग्रुपबाहेरच्याला काहीच कळत नाही. पाठवण्याआधीची माझी शेवटची चाचणी हीच असते: हाच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकता येईल का? येत असेल तर अजून कच्चा आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. फोन कुलूपबंद असताना सूचनेत मेसेजची सुरुवातच तेवढी दिसते. तिथे ‘शुभ सकाळ मित्रांनो’ दिसलं तर माणूस उघडायची घाई करत नाही. ‘दारात पारिजातकाचा सडा’ दिसलं तर अंगठा थांबतो. तेव्हा जे आजचं आहे ते पहिल्या चार शब्दांत आणा.

रोज लिहायचं तर तेच तेच कसं टाळायचं

पहिल्या पंधरा दिवसांत मला वाटलं जमलं. मग मंदाने दाखवून दिलं की माझे सलग सहा मेसेज हवामानावर होते. “तू वेधशाळेत लागलीस का?” विषय वेगळे वाटत होते, पण साचा एकच होता: आधी आकाश, मग चहा, मग ‘तुमच्याकडे काय?’

तेव्हापासून पाठवण्याआधी मी माझे आधीचे पाच मेसेज वर जाऊन वाचते. त्यात तीन गोष्टी बघते. काल डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं असेल तर आज कानाने ऐकलेलं किंवा नाकाने हुंगलेलं घेते. शेजारच्या फोडणीचा ठसका, कुकरची शिटी, पहाटे तीनपासून ओरडणारा कोकीळ. काल ज्याचं नाव घेतलं त्याचं आज घेत नाही, नाहीतर उरलेले प्रेक्षक होतात. आणि काल प्रश्न होता तर आज विधान. एवढ्याने आठवडाभर पुरतं. मागच्या एका आठवड्यातले काही सांगते.

सोमवारी: “घंटागाडी आज वेळेवर आली. मीच नव्हते.”

मंगळवारी: “सुन्या, ७:५२ मिळाली की डबा पुन्हा ओट्यावर राहिला?”

बुधवारी काही लिहिलं नाही.

गुरुवारी: “शेजारी लसणाची फोडणी, माझ्याकडे कालची पोळी. न्याय कुठे आहे?”

शुक्रवारी: “दिल्या, आज मुलीची पहिली स्पर्धा ना? बूट पॉलिश तू केलेस की तिने?”

बुधवारची सुट्टी मुद्दाम सांगितली. काही सापडलं नाही तर लिहू नका. ओढूनताणून लिहिलेला मेसेज लगेच ओळखू येतो, आणि एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, “काल कुठे होतीस?” ती दादही पुरे असते. शिवाय रिकाम्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी आधी लिहायची संधी मिळते.

एक गोष्ट मात्र रोज तीच चालते. आमच्या ग्रुपवर पक्या मेसेज संपताना दररोज लिहितो, “१४० रुपये.” बास. दोन वर्षं झाली, कुणाला कंटाळा आलेला नाही, कारण बाकीचा मजकूर बदलतो आणि हा ठेका जागेवर असतो. तुमच्या ग्रुपचा असा एखादा ठेका असेल तर तो ठेवा. तो ठरवून आणता येत नाही, पण असला की ओळखू येतो.

फॉरवर्ड लपत नाही

सुंदर ओळी कुठेतरी वाचल्या आणि पाठवाव्याशा वाटल्या तर? पाठवा, पण सकाळचा मेसेज म्हणून नको. व्हॉट्सॲपवर २०१८पासून पुढे पाठवलेल्या मेसेजवर तसा शिक्का दिसतो. पाच किंवा जास्त वेळा हातोहात फिरून आलेल्या मेसेजवर तर दुहेरी बाण येतो. नक्कल करून चिकटवलं की शिक्का येत नाही, म्हणून काहीजण तसं करतात. पण ज्यांच्याबरोबर तुम्ही चार वर्षं एका बाकावर बसलात त्यांना ‘जीवनाच्या वाटेवर’ हे शब्द तुमचे नाहीत हे शिक्क्याशिवायही कळतं.

फोटोंचं तर विचारू नका. २०१८च्या जानेवारीतच बातमी आली होती की सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भारतातले फोन भरून जातात हे गूगलच्या लक्षात आलं, आणि त्यांनी आपल्या फाइल्स गो या ॲपमध्ये अशी चित्रं शोधून एकदम पुसायची सोय दिली. ज्या शुभेच्छा गठ्ठ्याने पुसायला यंत्र लागतं, त्या पाठवून काय साधणार? स्वतः काढलेला फोटो मात्र चालतो, अगदी वाकडा असला तरी. फुटलेल्या दुधाच्या पिशवीचा फोटो आमच्याकडे गाजला होता.

घड्याळ आणि वैशी

आमची वैशी न्यू जर्सीत असते. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ. वर्षानुवर्षं आम्ही तिला तिच्या रात्री ‘उठा उठा’ सांगत होतो आणि ती बिचारी अंगठा दाखवून भांडी घासायला जात होती. तुमच्याही ग्रुपमध्ये असं कुणी असेल तर महिन्यातून काही वेळा तरी मेसेज तिच्या बाजूने लिहा: “वैशी, तुझी भांडी झाली की सांग, मग आमची सकाळ सुरू करतो.” दिवस त्याच वेळी, पण तिच्या टोकाने सुरू होतो. लंडनला कुणी असेल तर पुण्याच्या सातला तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते, उन्हाळ्यात अडीच. तिथे निरोप सकाळी उठल्यावर वाचण्यासारखा असावा, म्हणजे ‘पटकन सांगा’ असलं काही त्यात नको.

इथल्या इथेही पहाटे पाचला मेसेज टाकणं हा पराक्रम नाही. ज्यांची रात्रपाळी असते, ज्यांचं बाळ आत्ताच झोपलंय, त्यांच्या उशाशी फोन वाजतो. आमच्याकडे साडेसहाच्या आधी कुणी लिहीत नाही, हे भांडून ठरलंय.

चिमटा कुठे काढू नये

जवळच्या ग्रुपमध्ये थट्टा हीच शुभेच्छा असते, पण सकाळची थट्टा माणूस दिवसभर खिशात घेऊन फिरतो. वजन, टक्कल, लग्न, नोकरी आणि मूल या पाच विषयांवर मी सकाळी काही लिहीत नाही, समोरचा स्वतः कितीही हसत असला तरी. दुसरं म्हणजे एकट्याला सांगितलेली गोष्ट ग्रुपवर आणायची नाही. सुन्याने मला एकटीला सांगितलं होतं की तो नवी नोकरी शोधतोय. मी प्रेमाने सकाळी ग्रुपवर लिहिलं, “सुन्या, आज मुलाखतीला निळा शर्ट घाल!” त्याच्या तेव्हाच्याच कंपनीत काम करणारी मंदा त्याच ग्रुपवर होती. शुभेच्छा उत्तम होती, जागा चुकली. तो मेसेज त्याला एकट्याला पाठवायचा होता.

आणि जो कधीच उत्तर देत नाही, त्याला “जिवंत आहेस का?” असं सगळ्यांसमोर विचारू नका. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे त्याने वाचलंय. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मेसेजमध्ये त्याच्या ओळखीचं काहीतरी येऊ द्या, उत्तर न मागता. आमचा दिल्या आई गेल्यावर तीन महिने गप्प होता. मी एका सकाळी लिहिलं, “आज कोल्हापुरी मसाल्याची बरणी रिकामी झाली. काकूंनी दिलेला शेवटचा होता, तळाला चमचा लावून काढला.” त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. दुपारी कुरिअरवाल्याला द्यायला माझा पत्ता पुन्हा विचारणारा त्याचा मेसेज आला, आणि खाली पक्याचं रोजचं, “१४० रुपये.”